नापास नाही, तरी प्रोबेशनवर : अमळनेरमधल्या एका घरात आलेल्या नोटिशीचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. विद्यार्थ्याचं नाव, विद्यापीठ आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. ग्रेड आणि आकडेमोड मात्र जशीच्या तशी ठेवली, कारण निर्णय त्याच आकड्यांवर ठरले.

पार्श्वभूमी

विद्यार्थी अमळनेर तालुक्यातला. वडिलांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान, थोडी कापसाची शेती. बी.ई. जळगावला झालं. एक-दोन विषय राहिले होते, ते एटीकेटीत काढले आणि शेवटी फर्स्ट क्लास मिळाला. मग बँकेचं शैक्षणिक कर्ज घेऊन तो अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात संगणकशास्त्राच्या एम.एस.ला गेला. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा.

पहिल्या सत्रात त्याने तीन-तीन क्रेडिटचे तीन विषय घेतले, म्हणजे ९ क्रेडिट. विद्यापीठाच्या आवारातल्या खानावळीत आठवड्याला २० तास कामही करत होता. सत्र चालू असताना एफ-१ वर आवारात जास्तीत जास्त एवढंच काम करता येतं. त्याने मर्यादा मोडली नाही, पण ती पूर्ण वापरली, आणि बहुतेक पाळ्या रात्रीच्या होत्या.

डिसेंबरच्या सुट्टीत तो घरी आला. २२ तारखेला विद्यापीठाच्या ईमेलवर नोटीस आली. ती त्याने २९ तारखेला उघडली, कारण विद्यापीठाचा मेल फोनवर घेतलेला नव्हता आणि लॅपटॉप बॅगेतच होता. सात दिवस तिथेच गेले.

नोटिशीत काय होतं

नोटीस जेमतेम पानभर होती. तिचा मथितार्थ असा : तुमची एकूण सरासरी २.६७ आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला किमान ३.०० लागते. म्हणून येत्या सत्रासाठी तुम्हाला अ‍ॅकॅडमिक प्रोबेशनवर ठेवलं आहे. सत्र संपेपर्यंत एकूण सरासरी ३.०० झाली नाही तर तुम्हाला अभ्यासक्रमातून काढलं जाऊ शकतं. तुमच्या नोंदणीवर होल्ड आहे. ८ जानेवारी, सायंकाळी ५ पर्यंत लेखी योजना विभागाच्या ग्रॅज्युएट डायरेक्टरकडे पाठवा, ती मंजूर झाल्यावर होल्ड निघेल. परदेशी विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी बोलावं.

सोबत ग्रेड होते : एका विषयात बी, दुसऱ्यात बी मायनस, आणि अल्गोरिदम या सक्तीच्या विषयात सी प्लस.

घरातलं पहिलं वाचन

वडिलांनी सरळ विचारलं, "पोऱ्या पास शे का नापास, इतलंच सांगा." प्रश्न रास्त होता, पण या नोटिशीपुढे तो चालत नाही. मुलगा कुठल्याच विषयात नापास नव्हता. आपल्याकडे पास झालं की विषय संपतो आणि राहिला तर एटीकेटी मिळते. तिथे पास-नापासाखेरीज एक वेगळी गोष्ट मोजली जाते : सगळ्या ग्रेडची मिळून सरासरी विद्यापीठाच्या रेषेच्या वर आहे की खाली. वर असाल तर 'गुड स्टँडिंग', खाली गेलात तर प्रोबेशन. पदवीच्या पातळीवर ही रेषा बहुतेक ठिकाणी २.०० असते, पदव्युत्तरला ३.००. म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याला निभावून नेणारा सी हा ग्रेड एम.एस.च्या विद्यार्थ्याला खाली ओढतो.

एटीकेटीच्या चष्म्यातून वाचल्यामुळे घरात तीन चुकीचे अर्थ निघाले.

पहिला : पुढच्या सत्रात ३.०० आणले की झालं. नोटिशीत 'एकूण सरासरी' असं लिहिलं होतं, 'सत्राची सरासरी' असं नव्हतं. पहिल्या सत्राचा खड्डा भरायचा तर दुसरं सत्र ३.०० च्या वर जावं लागतं. किती वर, ते पुढे येतंच.

दुसरा : सी प्लस म्हणजे पास, तो विषय सुटला. या विभागात सक्तीच्या विषयाला किमान बी मायनस लागत होता. ही अट नोटिशीत नव्हती, विभागाच्या ग्रॅज्युएट हँडबुकात होती. त्यामुळे अल्गोरिदम पुन्हा घेणं भागच होतं, आणि त्या तीन क्रेडिटची फी पुन्हा भरायची होती.

तिसरा अर्थ उलट्या दिशेचा होता. मामांना वाटलं, व्हिसा गेला, आता परतीचं तिकीट रद्द करा. प्रोबेशनने एफ-१ दर्जा जात नाही. तो अडचणीत येतो विद्यापीठाने काढून टाकलं तर, किंवा परवानगीशिवाय पूर्णवेळ नोंदणीपेक्षा कमी क्रेडिट झाले तर. इथे खरा धोका दुसरा होता आणि तो नोटिशीतल्या सर्वांत छोट्या वाक्यात बसला होता : नोंदणीवर होल्ड. होल्ड निघाला नाही तर विषय घेता येणार नाहीत, विषय नसले तर पूर्णवेळ नोंदणी नाही, आणि मग व्हिसाचा प्रश्न खरोखर उभा राहतो. म्हणून घाई होती ती ८ जानेवारीची.

तीही नीट वाचावी लागली. सायंकाळी ५ म्हणजे तिथले ५. विद्यापीठ अमेरिकेच्या 'सेंट्रल टाइम' पट्ट्यात होतं आणि हिवाळ्यात ती वेळ आपल्या साडेअकरा तास मागे असते. म्हणजे अमळनेरमध्ये ९ जानेवारीची पहाट, साडेचार. वेळ थोडा जास्तच होता, पण २ जानेवारीपर्यंत तिथली कार्यालयं बंद होती. चुकीची दुरुस्ती करायला हातात मोजून चार-पाच कामाचे दिवस उरत होते.

आकडेमोड

ग्रेडला गुण असतात. या विद्यापीठात ए ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३. ग्रेडचा गुण गुणिले क्रेडिट केलं की त्या विषयाचे क्वालिटी पॉइंट निघतात.

बी चे ९.०, बी मायनसचे ८.१, सी प्लसचे ६.९. बेरीज २४.०. भागिले ९ क्रेडिट, म्हणजे २.६७. ३.०० साठी २७ हवे होते. तूट ३ पॉइंटची.

दुसऱ्या सत्रात पुन्हा ९ क्रेडिट घेतले तर एकूण १८ होतात आणि त्यांना ५४ पॉइंट लागतात. २४ हाती आहेत, म्हणून नव्या सत्रात ३० आणायचे. ३० भागिले ९ म्हणजे ३.३३.

मुलगा म्हणाला, "मग तिन्ही विषयांत बी प्लस आणतो." ऐकायला बरोबर वाटतं. पण बी प्लस ३.३ आहे, ३.३३ नाही. तीन बी प्लसचे २९.७ पॉइंट होतात, एकूण ५३.७, सरासरी २.९८. विद्यापीठ हा आकडा वर ओढून ३.०० करत नव्हतं. अशा वेळी तीनही विषयांत चांगले ग्रेड आणूनही विद्यार्थी रेषेखाली राहतो. तीनपैकी एक तरी ए मायनस हवाच होता. दोन बी प्लस आणि एक ए मायनस असे ३०.९ पॉइंट, एकूण ५४.९, सरासरी ३.०५. योजनेतलं लक्ष्य हेच ठरलं.

पुन्हा घेतलेल्या विषयाचा जुना ग्रेड पुसला जातो का, हे आधी पाहावं लागतं. आपल्याकडे विषय निघाला की जुने गुण सरासरीत राहत नाहीत, त्यामुळे घरच्यांनी ते गृहीतच धरलं होतं. काही विद्यापीठं तसं करतातही. या विद्यापीठात पदव्युत्तर स्तरावर जुना आणि नवा दोन्ही ग्रेड मोजले जात. जुना सी प्लस पुसला गेला असता तर हिशेब बराच सोपा झाला असता, पण तो जागीच राहणार होता.

कुठे गेले गुण

योजना लिहिण्याआधी त्याने तिन्ही विषयांचं गुणपत्रक ऑनलाइन उघडलं. अल्गोरिदमचा तपशील बोलका होता. गृहपाठाला ३० गुण, सहा गृहपाठ, प्रत्येकी ५. मधली परीक्षा ३०, शेवटची ४०. त्याला मधल्या परीक्षेत २५, शेवटच्या परीक्षेत ३५, आणि गृहपाठात १७ मिळाले. एकूण ७७, सी प्लस.

ते १७ चार गृहपाठांचे होते. उरलेले दोन उशिरा गेले म्हणून शून्य. त्या दोन्हींत मिळून ८ गुण पडले असते तरी बेरीज ८५ झाली असती, ग्रेड बी, आणि विषय पुन्हा घ्यायची वेळ आली नसती. सरासरी तेव्हाही २.९० राहिली असती, म्हणजे प्रोबेशन टळलं नसतं, पण तूट ३ ऐवजी ०.९ पॉइंटची असती. दोन्ही गृहपाठांच्या आठवड्यात त्याच्या खानावळीत चार-चार रात्रपाळ्या होत्या. विषय समजत नव्हता असं नाही, वेळ नव्हता. योजना कशावर बांधायची ते यातून ठरलं.

कोणते पर्याय तोलले

*१२ क्रेडिट घेणं.* क्रेडिट वाढले की लागणारी सरासरी खाली येते : २१ क्रेडिटना ६३ पॉइंट, वजा २४, म्हणजे ३९, भागिले १२, म्हणजे ३.२५. चारही विषयांत बी प्लस आले तरी भागतं. कागदावर हा सर्वांत सोयीचा मार्ग दिसतो, आणि मुलाचा कल याच बाजूला होता. पण वेळ कमी पडला म्हणून घसरलेल्या विद्यार्थ्याला चौथा विषय देणं म्हणजे दुखणं वाढवून औषध देणं. सोडला.

*६ क्रेडिट घेणं.* अंगावर भार कमी, पण गणित उलटं फिरतं : १५ क्रेडिटना ४५, वजा २४, म्हणजे २१, भागिले ६, म्हणजे ३.५०. शिवाय एफ-१ वर पूर्णवेळापेक्षा कमी नोंदणी करायची तर आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या अधिकाऱ्याची, म्हणजे डीएसओची, परवानगी आधी लागते. अभ्यासाच्या कारणाने ती ठरावीक अडचणींसाठीच मिळते : इंग्रजीची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसणं, किंवा चुकीच्या पातळीच्या विषयात पडणं. एका पदवीच्या पातळीवर ती एकदाच मिळते आणि तरीही किमान अर्धा भार घ्यावा लागतो. नोकरीमुळे वेळ पुरला नाही, हे त्या कारणांत बसत नाही.

*ग्रेडविरुद्ध अपील.* मामांची सूचना होती, पुनर्मूल्यांकनासारखा अर्ज करू. तिथल्या ग्रेड अपीलात बेरजेची चूक किंवा अभ्यासपत्रिकेत लिहिलेल्या नियमाला सोडून केलेली वागणूक दाखवावी लागते. उशिराच्या गृहपाठाला शून्य हा नियम पहिल्याच दिवशी दिलेल्या अभ्यासपत्रिकेत होता.

*आजारपणाचा दाखला.* ऑक्टोबरात त्याला चार दिवस ताप होता, हे खरं. तो तिथल्या डॉक्टरकडे गेला नव्हता. ओळखीच्या दवाखान्यातून दाखला आणू, असं घरात निघालं. ऑक्टोबरात मुलगा अमेरिकेत आणि दाखला अमळनेरचा, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. त्याहून मोठं म्हणजे, खोटा कागद दिल्यावर प्रकरण सरासरीचं राहत नाही, शिस्तभंगाचं होतं. हा विचार तिथेच थांबला.

*९ क्रेडिट, अल्गोरिदमसह, आणि काम कमी.* हाच मार्ग घेतला. काम २० वरून ८ तासांवर, तेही शनिवार-रविवारी दिवसा. तासाला १४ डॉलर धरून १२ तासांचे आठवड्याला १६८ डॉलर कमी झाले, १५ आठवड्यांचे २,५२०. या रकमेची तरतूद वडिलांशी बोलून आधी झाली, मगच योजनेत ८ तास लिहिले. घरून पैसे येणार नाहीत हे ठाऊक असताना कागदावर कमी तास लिहिले की फेब्रुवारीत पाळ्या पुन्हा वाढतात.

उत्तर

पहिला मसुदा वडील आणि मामांनी बसून सांगितला होता. दीड पान. त्यात शेतीची परिस्थिती, कर्ज, आजीचं आजारपण, तीनदा क्षमा आणि 'यापुढे कसून अभ्यास करीन'. वाचणाऱ्या डायरेक्टरला यातून एकही गोष्ट तपासता येत नव्हती. वडिलांना तो स्वतःच्या ईमेलवरून पाठवायचा होता. तेही जमलं नसतं. अमेरिकेतल्या कायद्याने कॉलेजच्या विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद त्याच्या स्वतःच्या ताब्यात असते, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ सहसा वडिलांशीही तिच्याबद्दल बोलत नाही.

दुसरा मसुदा मुलाने लिहिला, विद्यापीठाच्या ईमेलवरून, विषयाच्या ओळीत विद्यार्थी क्रमांक टाकून. मूळ इंग्रजी मजकूर मराठीत साधारण असा :

"२२ डिसेंबरची प्रोबेशनची नोटीस मी वाचली. माझी एकूण सरासरी २.६७ आहे आणि ९ क्रेडिटवर ३.० क्वालिटी पॉइंटची तूट आहे. येत्या सत्राच्या ९ क्रेडिटनंतर ३.०० होण्यासाठी मला ३०.० पॉइंट लागतील.

मुख्य कारण वेळेचं नियोजन. मी आठवड्याला २० तास काम केलं. अल्गोरिदममध्ये दोन गृहपाठ उशिरा गेल्याने १० गुण गेले. परीक्षांत मला ७० पैकी ६० आहेत.

येत्या सत्रात मी अल्गोरिदम पुन्हा, डेटाबेस आणि नेटवर्क घेईन. लक्ष्य अनुक्रमे ए मायनस, बी प्लस, बी प्लस, म्हणजे ३०.९ पॉइंट. काम ८ तासांवर आणलं आहे, व्यवस्थापकाचा मेल जोडला आहे. प्रत्येक गृहपाठ मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण करून मी शिक्षकांच्या भेटीच्या वेळेत शंका विचारेन. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी तिन्ही विषयांचे गुण तुम्हाला कळवीन. कुठल्याही विषयात ८० च्या खाली गेलो तर त्याच आठवड्यात भेटीची वेळ मागेन.

दोन गोष्टींची खात्री हवी आहे. अल्गोरिदमचे दोन्ही ग्रेड सरासरीत धरले जातील ना? आणि योजना मंजूर झाल्यावर होल्ड कोण काढतं, विभाग की ग्रॅज्युएट स्कूल?"

शेवटचे दोन प्रश्न नम्रतेपोटी टाकले नव्हते. पहिल्याच्या उत्तरावर अख्खं गणित उभं होतं. दुसऱ्यामुळे कळलं की विभागाची मंजुरी मिळाल्यावर ग्रॅज्युएट स्कूलला, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यालयाला, वेगळा मेल जावा लागतो. तो आपोआप जात नव्हता.

डीएसओला वेगळा छोटा मेल गेला : प्रोबेशनवर आहे, ९ क्रेडिटची नोंदणी ठेवणार आहे, आय-२० या विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरची प्रवासाची सही अजून चालेल ना. उत्तर आलं, सही एक वर्षाच्या आतली आहे, चालेल.

मेल ४ जानेवारीला गेला. ६ ला डायरेक्टरने एक बदल सुचवून योजना मंजूर केली : नेटवर्कचा प्रकल्प जड आहे, त्याऐवजी दुसरा विषय पाहा. वेळापत्रक जुळत नसल्याने मुलाने नेटवर्कच ठेवलं. होल्ड ९ ला निघाला, १० ला मुंबईहून विमान होतं.

सत्रात काय झालं

चौथ्या आठवड्याचा अहवाल ठीक होता. आठव्या आठवड्यात नेटवर्कच्या मधल्या परीक्षेत ५८ टक्के आले. हा सर्वांत अवघड टप्पा. विषय मध्येच सोडून गुणपत्रकावर ग्रेडऐवजी डब्ल्यू हा शेरा घेण्याची मुदत अजून होती, आणि डब्ल्यू सरासरीत धरला जात नाही. पण सोडला असता तर ६ क्रेडिट उरले असते, पूर्णवेळ नोंदणी मोडली असती आणि उरलेल्या दोन विषयांत ३.५० लागले असते, म्हणजे एक ए मायनस आणि एक बी प्लस, शून्य चुकीला जागा.

योजनेत लिहिल्याप्रमाणे त्याने त्याच आठवड्यात डायरेक्टरची वेळ मागितली. तिथे हिशेब मांडला : प्रकल्पाला ४० टक्के गुण बाकी होते, तो चांगला झाला तर बी शक्य होता. बी आला तर ९.०, म्हणजे उरलेल्या दोन विषयांतून २१.० हवेत. ए मायनस आणि बी प्लसचे बरोबर २१.० होतात. विषय ठेवला, खानावळीतले आठ तासही शेवटचे पाच आठवडे सोडले.

निकाल : अल्गोरिदम ए मायनस, डेटाबेस बी प्लस, नेटवर्क बी. ११.१, ९.९ आणि ९.० मिळून ३०.०. एकूण ५४.०, भागिले १८, सरासरी ३.००. योजनेत ०.९ पॉइंटची जी शिल्लक ठेवली होती ती नेटवर्कने पूर्ण खाल्ली. ती शिल्लक नसती, म्हणजे लक्ष्यच तीन बी प्लस असतं, तर नेटवर्क न घसरताही तो रेषेखाली राहिला असता आणि प्रकरण काढून टाकण्याच्या पत्रापर्यंत गेलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

डायरेक्टरचा सल्ला बाजूला ठेवणं ही या प्रकरणातली स्पष्ट चूक. वेळापत्रक जुळत नाही हे खरं, पण त्याने एकच पर्यायी विषय पाहिला होता. विभागात त्या सत्रात आणखी दोन बसत होते. डायरेक्टरला विचारलं असतं तर त्याने ते सांगितले असते. प्रोबेशनच्या सत्रात कोणता विषय घ्यायचा हे वेळापत्रकापेक्षा गुण कशावर मिळतात यावरून ठरवावं लागतं, आणि ४० टक्के एकाच प्रकल्पावर असलेला विषय तेव्हा महाग पडतो.

दुसरी जागा ऑक्टोबरातली. पहिला गृहपाठ उशिरा जाणार हे दोन दिवस आधी माहीत होतं. मुदतीआधी शिक्षकांना मेल केला तर कधी दोन दिवस मिळतात, कधी नाही. मुदत गेल्यावर केला तर अभ्यासपत्रिकेतला नियमच लागू होतो. दोन्ही वेळा त्याने मेल केलाच नव्हता.

बँकेबाबतही उशीर झाला. कर्जाचा पुढचा हप्ता गुणपत्रक पाहून सुटणार होता, आणि शाखेला २.६७ चा आकडा दिसला तेव्हा तिथेही 'नापास का?' हाच प्रश्न निघाला. योजनेची आणि मंजुरीची प्रत जानेवारीतच दिली असती तर फेब्रुवारीतल्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या.

आणि एक बारीक गोष्ट. ३.०० झाल्यावरही विद्यापीठाच्या पोर्टलवर 'प्रोबेशन' हाच शब्द जून अखेरपर्यंत दिसत होता. त्याने ग्रॅज्युएट स्कूलला मेल केल्यावर चार दिवसांनी तिथे 'गुड स्टँडिंग' आलं, आणि त्याच पानाची प्रत शाखेत गेली.